मदत हवी आहे : जेवताना तमालपत्र गिळलं गेलंय, काही होतं का?

मोगरा_७, दुपारी २:०५
मसालेभातातलं तमालपत्र गिळलं गेलं आहे. ते विषारी असतं असं कुठेतरी वाचलं होतं. उलटी करवू का? कृपया लवकर सांगा.

पाटावरवंटा, २:०९
विषारी अजिबात नाही. गोडा मसाला करताना पाव किलो धन्यांना आठ-दहा तमालपत्रं आपण भाजून कुटतोच, आणि वर्षभर आमटीतून खातोही. पान विषारी असतं तर आतापर्यंत कळलं असतं. निश्चिंत राहा, दोन केळी खायला द्या, खाली सरकेल.

घसादुरुस्ती, २:१२
मोगरा, उलटी करवू नका. केळीही देऊ नका. आधी एवढं सांगा: कोणी गिळलं, वय काय, अख्खं पान की तुकडा, किती वाजता? आणि आत्ता स्वतःची थुंकी सहज गिळता येतेय का?

अटलांटाकर, २:१५
अमेरिकेत कितीतरी जण ‘बे लीफ’ला विषारी समजतात. इथे माउंटन लॉरेल नावाचं झुडूप सगळीकडे असतं, त्याची पानं खरंच विषारी असतात. नावात लॉरेल आणि पानं दिसायलाही जवळपास सारखी, म्हणून हा समज पसरला. तुम्ही वाचलंत ते तिथूनच आलेलं असणार.

आरोग्यम्_धनसंपदा, २:१८
तमालपत्र शुगरवर उत्तम आहे. रोज सकाळी दोन पानं पाण्यात उकळून रिकाम्या पोटी घ्या, महिनाभरात फरक दिसेल.

घसादुरुस्ती, २:२०
काढ्याबद्दल कोणी विचारलेलं नाही. आणि शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना न विचारता त्यावर काढे सुरू करू नयेत. तुम्हाला त्यावर चर्चा करायची असेल तर वेगळा धागा काढा. मोगरा, उत्तराची वाट बघतोय.

मोगरा_७, २:२३
सासऱ्यांनी. वय ७२. सव्वा वाजता. थुंकी गिळता येते, पाणीही प्यायले. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय म्हणतात. पान केवढं ते माहीत नाही, भात ढवळताना मोडलं असेल. विषारी नाही ना, मग घशातलं आपोआप जाईल ना?

पिंपळपान, २:२७
विषाची भीती मनातून काढून टाका. अविपत्तिकर चूर्णात तमालपत्र असतं, च्यवनप्राशातही असतं. पण ते वस्त्रगाळ केलेलं असतं, आणि सगळा फरक तिथेच आहे. शिजलेलं पान मऊ झाल्यासारखं दिसतं. ताटातलं एखादं बोटांत धरून दुमडून बघा. पात वाकेल, पण मधली शीर ताठच राहते आणि दुमडल्यावर तिचं टोक बोटाला टोचतं. कुकरच्या चार शिट्ट्यांनीही ती शीर विरघळत नाही. पोटातही ते पचत नाही, गेलं तसंच बाहेर पडतं.

घसादुरुस्ती, २:३१
पिंपळपान यांचं बरोबर आहे. पान सपाट असतं, त्यामुळे ओल्या भिंतीला ओला कागद चिकटावा तसं ते घशाला चिकटतं. नुसतं चिकटलं असेल तर घोटभर पाण्याने सुटतं. शीर आडवी रुतली असेल तर पाणी बाजूने निघून जातं आणि तुकडा तिथेच राहतो. म्हणजे पाणी जातंय याचा अर्थ घसा मोकळा आहे असा होत नाही.

आता तीन गोष्टी विचारा. एक, त्यांना एका बोटाने नेमकी जागा दाखवता येते का? दोन, प्रत्येक घोटाला त्याच जागी टोचतं का, की नुसतं खवखवतं? तीन, कवळी आहे का?

पाटावरवंटा, २:३४
केळ्याने काय बिघडतं? मासळीचा काटा अडकला की कोरड्या भाताचा गोळा गिळायला सांगतात, सगळीकडे हेच करतात.

घसादुरुस्ती, २:३८
सगळीकडे करतात आणि त्यानेच काटा आणखी आत रुततो. जी वस्तू जिभेच्या मुळाशी आहे, आरसा आणि चिमटा घेऊन दोन मिनिटांत निघू शकते, ती गोळ्याने अन्ननलिकेत ढकलली की दुर्बिणीशिवाय हाताला लागत नाही. शिवाय पोट भरलेलं असलं तर भूल द्यायची वेळ आल्यावर तेही अडचणीचं. म्हणून आता काहीच खायला नको. उलटीचंही तेच, टोकदार तुकडा उलट दिशेने पुन्हा घासत येतो.

मोगरा_७, २:४१
कवळी आहे, वरची-खालची पूर्ण. कवळीचा काय संबंध? उजव्या बाजूला, जबड्याच्या खाली बोट ठेवून दाखवतात. घोट घेतला की तिथेच टोचतं. एक्स-रे काढून आणू का? कोपऱ्यावरच सेंटर आहे.

घसादुरुस्ती, २:४५
कवळीचा फार संबंध आहे. वरच्या कवळीने टाळू झाकला जातो. घासात काही कडक आलं तर ते आपल्याला टाळूवर दाबून कळतं, त्यांना कळत नाही. चावणंही अपुरं पडतं. त्यामुळे पान लक्षात न येताच खाली जातं.

एक्स-रेवर वेळ घालवू नका. पान साध्या एक्स-रेत दिसत नाही. एक्स-रे स्वच्छ आला की घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि तुकडा आतच राहतो. एका जागी बोट ठेवता येतंय आणि दर घोटाला टोचतंय, म्हणजे आजच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. ते नाकातून बारीक दुर्बीण घालून बघतात, पाच मिनिटांचं काम. तिथे काही दिसलं नाही आणि दुखणं तसंच राहिलं, तर पुढे अन्ननलिकेची दुर्बीण.

लाळ गळायला लागली, आवाज बदलला, धाप लागली, किंवा मान-छाती दुखणं वाढत गेलं तर दवाखाना शोधत बसू नका, सरळ मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तिची पट्टी बरोबर घ्या.

रानवाटा, २:५२
एक विचारायचं राहिलं. पान दुकानातलं होतं की अंगणातलं? कोकणात परसातल्या दालचिनीची पानं वापरतात, त्याला हरकत नाही. पण कोणी ‘तसंच दिसतं’ म्हणून कण्हेरीचं पान टाकलं तर गोष्टच निराळी, ते हृदयावर जातं. तमालपत्राला देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा असतात आणि चुरगळलं की दालचिनी-लवंगेचा वास येतो. कण्हेरीला मधोमध एकच शीर, पान लांब आणि अरुंद, मसाल्याचा वास नाही.

अटलांटाकर, २:५६
एका शिरेवरून घाबरवू नका हो. इथल्या बाटलीतल्या बे लीफलाही एकच शीर असते. ते भूमध्य समुद्राकडचं वेगळं झाड, खाण्याचंच आहे. वास निलगिरीसारखा येतो. आपल्या पानापेक्षा आखूड आणि जास्त कडक, म्हणून टोचायला तेच वाईट.

रानवाटा, २:५८
मान्य. मग शिरेबरोबर वासही बघा. कुठलाच वास नसलेलं अंगणातलं पान भातात जाऊ नये, एवढंच म्हणतो.

मोगरा_७, ३:०१
पान दुकानातलंच, तीन शिरांचं. निघालो.

पाटावरवंटा, ३:१०
मग तमालपत्र घालायचंच नाही का आता? बिनतमालपत्राचा मसालेभात मसालेभात लागत नाही.

पिंपळपान, ३:१९
घाला, पण अख्खं घाला आणि मोजून घाला. दोन वाट्या तांदळाला दोन पानं पुरतात. चूक होते ती फोडणीत. कोरडं पान कडकडीत तेलात गेलं की कुरकुरीत होतं, आणि त्यावर भाज्या टाकून उलथन्याने परतलं की त्याचे पाच तुकडे होतात. मग मोजून घातलं काय आणि न मोजता काय. त्याऐवजी तेल मध्यम तापल्यावर पान टाका, वास सुटला की लगेच झाऱ्याने बाजूला काढा. भाज्या-तांदूळ परतून झाले, आधणाचं पाणी घातलं, की मग ते वरून ठेवा. शिजल्यावर वरच सापडतं. वाढण्याआधी जितकी घातली तितकी काढायची, एखादं मोडलेलं निघालं तर तुकडे जोडून बघायचे.

सुगरण_नाशिक, ३:२६
मी पूडच घालते. पण माझ्या गोड्या मसाल्यात तमालपत्राच्या काड्या राहतात, त्या चालतील का? घरात दीड वर्षाचं बाळ आहे.

पिंपळपान, ३:३३
काड्या नकोत, बाळासाठी तर नकोतच. पान दमट राहिलं किंवा भाजणं कमी पडलं की पातीची पूड होते आणि शिरेच्या काड्या होतात. भाजण्याआधी देठ आणि मधली शीर ओढून काढा. पात थेंबभर तेलावर, मंद आचेवर, हातात चुरली जाईपर्यंत भाजा. पूर्ण गार झाल्यावर दळा आणि मैद्याच्या चाळणीने चाळा. वर राहिलेला चोथा पुन्हा मसाल्यात ढकलू नका.

पंगत, ३:४०
आमच्याकडे पन्नास पानांची पंगत असते. तिथे पानं मोजून काढणार कोण? मलमलची पुरचुंडी हा एकच उपाय.

पाटावरवंटा, ३:४४
पुरचुंडीने स्वाद निम्मा होतो. तेल लागल्याशिवाय तमालपत्र बोलत नाही.

पंगत, ३:५१
म्हणून आधी सगळा खडा मसाला तेलात परतून झाऱ्याने उपसायचा, तो पुरचुंडीत सैल बांधायचा आणि आधणात सोडायचा. स्वाद तेलात उतरलेला असतो. गच्च बांधलं तर मधली पानं कोरडी राहतात, त्याला स्वाद निम्मा म्हणत असाल तर बरोबर. दोऱ्याचं टोक लांब ठेवून पातेल्याच्या कानाला बांधायचं.

मोगरा_७, सायंकाळी ५:४७
आलो. जिभेच्या मुळाशी उजव्या बाजूच्या खोबणीत तुकडा आडवा बसला होता. साधारण पेराएवढा, शिरेसकट. घसा बधिर करायचा फवारा मारून चिमट्याने काढला. अजूनही टोचल्यासारखं वाटतंय म्हणतात. आणखी एखादा तुकडा राहिला असेल का?

घसादुरुस्ती, ५:५६
बरं झालं गेलात ते. ओरखडा उठला असला की एक-दोन दिवस तसंच वाटत राहतं. ते हळूहळू कमी होत जायला हवं. वाढलं, ताप आला किंवा गिळणं अवघड झालं तर परत दाखवा. फवाऱ्याचा बधिरपणा पूर्ण उतरेपर्यंत खाणं-पिणं बंद, नाहीतर ठसका लागून श्वासनलिकेत जाईल. रात्री पातळ आणि कोमट द्या.

दुसरा तुकडा पोटात गेला असेलही. बहुतेक वेळा तो काही दिवसांत शौचावाटे निघून जातो, रेचक द्यायची गरज नाही. मात्र पुढच्या काही दिवसांत पोटात एका जागी सतत दुखायला लागलं, ताप किंवा उलट्या झाल्या, शौचाला काळं झालं, तर डॉक्टरांना तमालपत्राचं आवर्जून सांगा. पानाच्या टोकाने आतड्याला भोक पडल्याच्या नोंदी आहेत. विरळा आहेत, पण आपण सांगितल्याशिवाय कोणाच्या डोक्यात पान येत नाही.

पाटावरवंटा, ६:०४
केळ्याचं मागे घेतो. पुरचुंडीचं मात्र अजून पटलेलं नाही.

सुगरण_नाशिक, ६:११
मैद्याच्या चाळणीऐवजी मलमलने गाळलं तर चालेल का? चाळणीचं भोक मोठं वाटतंय.