मदत हवी आहे : मस्कतमधल्या पुतण्याच्या नीटसाठी कागदपत्रं

नमस्कार, मी लातूरची. माझे दीर मस्कतला नोकरीला आहेत. पुतण्याची दहावी तिथेच झाली, आता बारावीही तिथेच. पासपोर्ट भारतीय आहे. आमच्याकडे डोमिसाईल निघेल, पण राज्याच्या ८५ टक्के कोट्याला दहावी-बारावीही महाराष्ट्रातूनच लागते. म्हणजे डोमिसाईल असूनही तो अडतो. अखिल भारतीय १५ टक्के कोटा खुला आहे, तेवढाच दिलासा.

उरतो खासगी कॉलेजांचा एनआरआय कोटा. त्यासाठी दिरांचा अनिवासी असल्याचा दूतावासाचा दाखला, एनआरई खात्याचं पासबुक आणि नात्याचं प्रतिज्ञापत्र लागतं असं कळलं. दीर दिवाळीत येणार आहेत. प्रतिज्ञापत्र इथे नोटरी करून चालतं, की तेही दूतावासातूनच साक्षांकित करावं लागतं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा. लेकराचं वर्ष वाया जायला नको.