मदत हवी आहे: लेव्हलच्या एका घराची खरी किंमत कशी काढायची?

लेथ बसवायची २०० मिमीची मशीन लेव्हल आहे, एक घर म्हणजे ०.०२ मिमी प्रति मीटर. सरफेस प्लेटवर ठेवली तर बबल खिडकीकडे ३ घरं, तिथेच उलटी फिरवून ठेवली तर खिडकीकडेच १ घर, म्हणजे प्लेटचा उतार २ घरं आणि लेव्हलची चूक १ घर, ती स्क्रूने काढली. पण यातून घराची किंमत कळत नाही ना, म्हणून १ मीटर अंतरावरच्या दोन टेकूंवर स्ट्रेट एज ठेवून एका टेकूवर ०.०५ चा फिलर सरकवला, बबल अडीच घरं हलायला हवा होता, दोनच हलला. दोष व्हायलचा धरू की फिलर नीट बसला नसेल? कोणी असं तपासलंय का?