चेहरा आणि चित्र या दोन वेगळ्या गोष्टी

«चॅटबॉट फोटो दिसतात म्हणतो, मग गोदाघाटावरच्या माझ्या फोटोलाच "मदत करू शकत नाही" का?»

प्रश्न "हा माणूस कोण?" असा होता, म्हणून. फोटो न दिसल्याचं हे लक्षण नाही. चेहऱ्यावरून खऱ्या माणसाचं नाव सांगायचं नाही, असं बऱ्याच चॅटबॉटना ठरवूनच दिलेलं असतं. नाहीतर रस्त्यावर कुणाचाही फोटो काढून त्याचा ठावठिकाणा शोधता येईल. पण उत्तर इतकं मोघम येतं की लोक "अपलोड झालं नाही" असं धरून तोच फोटो पाच वेळा टाकतात. फोटो छोटा करतात, कापतात, आणि त्यात बारीक तपशील मात्र हरवतो.

खात्री करायची तर त्याच फोटोवर साधं विचारा: माणसं किती, मागच्या पाटीवर काय लिहिलंय, डावीकडच्याच्या हातात काय आहे? "तिघे, पाटीवर रामकुंड, हातात तांब्याचा गडू" असं नेमकं आलं, तर फोटो पोचलाय आणि नकार फक्त ओळखीपुरता आहे. "काही लोक नदीकाठी उभे आहेत" असं कुठल्याही फोटोला चालेल असं आलं, तर मात्र फाइल पोचलीय का ते बघा. आणि फोटो का पोचला नाही, हे चॅटबॉटलाच विचारून फारसा उपयोग नाही. अपलोड कुठे अडलं हे त्याला बहुतेक वेळा कळतच नाही, तो अंदाजाने वाक्य जुळवतो. नाव तुम्हाला माहीत असेल तर प्रश्नातच लिहा, "डावीकडे माझे काका आहेत", म्हणजे पुढचं वर्णन तो बिनदिक्कत करतो.