उत्तर: प्रोजेक्टच्या तीन दिशा, कुठली धरू?

> सर, तीन कच्च्या दिशा आहेत: मोडी कागदांचं ओसीआर, कांद्याच्या भावाचा अंदाज, विहिरींच्या पाणीपातळीचा अंदाज. कुठली धरू?

विहिरी धर. मोडीला आधी वाचून टाईप केलेली पानं लागतील, ती कोण करून देणार? कांद्याचा भाव सरकारी निर्णयाने उडतो किंवा पडतो, डिसेंबर २०२३ची निर्यातबंदी जुन्या भावांत कुठून दिसणार. विहिरींच्या नोंदी भूजल सर्वेक्षणाकडे आहेत पण वर्षातून चारदाच, जानेवारी मार्च मे ऑक्टोबर, म्हणजे १० वर्षांचे एका विहिरीचे फक्त ४० आकडे, त्यावर मोठं मॉडेल नुसतं पाठांतर करेल. म्हणून ऑक्टोबरच्या पातळीवरून मेची सांग, आणि आधी 'गेल्या मेइतकीच' हा साधा अंदाज लावून बघ, शेवटची दोन वर्षं तपासणीसाठी बाजूला ठेवून. त्यापेक्षा तुझ्या मॉडेलची चूक कमी झाली तरच पुढे जा. बेसॉल्टमध्ये शेजारच्या दोन विहिरीही वेगळ्या वागतात, सरासरी काढू नकोस.