मदत हवी आहे : दोन हप्ते फेडले, तरी डॉलरचं कर्ज वहीत तेवढं का घटत नाही?

शिरोलीकर: आमची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. २०२१ च्या अखेरीस वडिलांनी मशीनसाठी ५ लाख डॉलरचं कर्ज काढलं. डॉलर ७४ ला होता, म्हणजे ३ कोटी ७० लाख. त्यातले २ लाख डॉलर फेडले. तरी ३१ मार्च २०२५ च्या ताळेबंदात २ कोटी ५५ लाख देणं दिसतंय, शिवाय विनिमय तोटा वेगळा. हिशेबानं २ कोटी २२ लाख हवेत ना? वडील म्हणतात सीएनं घोळ घातलाय. घरात रोज वाद.

हिशेबी_काका: घोळ नाही. तुम्ही रुपये घेतलेच नव्हते, डॉलर घेतले होते. राहिलेले ३ लाख डॉलर ३१ मार्चच्या भावानं, म्हणजे साधारण ८५ नं मांडावे लागतात. हप्ता भरा न भरा, दरवर्षी हेच. ४० टक्के मुद्दल फेडूनही रुपयांत ३१ टक्केच घटलं. मधले ३३ लाख रुपयाच्या घसरणीनं वाढवले. माल कुठं जातो?

शिरोलीकर: सगळा पुण्याला, बिल रुपयांत.

हिशेबी_काका: मग इथंच दुखणं आहे. कास्टिंग किलोला १०० रुपये धरा. १ लाख डॉलरच्या हप्त्याला तेव्हा ७४ टन विकावं लागे, मार्च २०२५ च्या भावानं ८५ टन. १९९७ मध्ये थायलंडच्या कंपन्यांचं हेच झालं. २ जुलैला बाट मोकळा सोडला तेव्हा डॉलर २५ बाटच्या आसपास होता, जानेवारीत ५० च्या वर गेला. कमाई बाटमध्ये, देणं डॉलरमध्ये. बाटमधला बोजा दुप्पट.

गोकुळ_शिरगाव: पण डॉलरच्या कर्जाचं व्याज कमी असतंय की! आम्ही त्यामुळंच घेतलं. माल बाहेर जातो, काही जाणवत नाही.

हिशेबी_काका: तुमचे डॉलर येतात, म्हणून जाणवत नाही. व्याजाचा मुद्दा मात्र खरा आहे. रुपया सव्वातीन वर्षांत वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास घसरला. रुपयातल्या कर्जापेक्षा व्याज ५ टक्क्यांनी कमी असेल, तर शिरोलीकर जेमतेम बरोबरीत आहेत. त्यांनी व्याजाचा फरक काढून बघावा.

रंकाळा_आई: मुलाच्या परदेशी शिक्षणासाठी रुपयांत कर्ज घेतलंय. तेही वाढणार का हो?

हिशेबी_काका: नाही ताई, मुद्दल रुपयांतच राहणार. पुढची फी डॉलरमध्ये असेल, तर तेवढी महाग पडेल.

शिरोलीकर: व्याजात साडेतीन टक्क्यांचाच फरक होता. उरलेल्या हप्त्यांना आत्ता फॉरवर्ड घ्यावं का?

हिशेबी_काका: झालेला तोटा त्यानं परत येत नाही. पुढचा भाव पक्का होतो, पण तो आजच्या भावापेक्षा चढाच मिळतो. मी निदान जवळचा एक हप्ता बांधला असता.

गोकुळ_शिरगाव: मी नसता बांधला. रुपया वर आला तर?

शिरोलीकर: वडिलांना टनांचा हिशेब दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग सीएला फोन लावला. बँकेकडून फॉरवर्डचा भाव आला की इथं टाकतो.