मदत हवी आहे: ‘घेरी येते’ हे रेफर चिठ्ठीत नेमकं कसं लिहायचं?

कण्हेर:
मी एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. साठीच्या एक आजी आल्या होत्या. त्यांचे शब्द असे: "घेरी येती बाई. अंथरुणातनं उठलं की घर फिरतंय, डोळ्यापुढं अंधारी येती, जीव खालीवर होतोय." रक्तदाबाची गोळी चालू आहे. मी चिठ्ठीवर लिहिलं, ‘गिडिनेस, १५ दिवस. पुढील तपासणीसाठी.’ आजी एसटीने ४० किलोमीटर गेल्या आणि चक्करच्या गोळ्या घेऊन आल्या. घेरी तशीच. तिथल्या डॉक्टरांना तरी काय म्हणू, माझ्या चिठ्ठीत धरायला काही नव्हतंच. सोमवारी पुन्हा पाठवायचंय. ‘व्हर्टिगो’ लिहू की ‘प्रीसिंकोपी’? आजींच्या एकाच वाक्यात दोन्ही आहेत.

सह्यकडा:
सोपं आहे. घर फिरतं म्हणाल्या तर व्हर्टिगो, कान-नाक-घसा विभाग. अंधारी म्हणाल्या तर मेडिसिन. दोन्हींतलं एक निवडायला सांगा. आम्हाला असंच शिकवलंय.

जुना_फिजिशियन:
शिकवतात असंच, पण हाच प्रश्न दहा मिनिटांनी पुन्हा विचारून बघा, बरेच जण उत्तर बदलतात. कशाने येते आणि किती वेळ टिकते, ही उत्तरं जास्त भरवशाची.

कण्हेर, तुमच्या आजींचं ‘उठलं की’ फसवं आहे. उठताना डोकंही हलतं आणि रक्तदाबही उतरू शकतो. म्हणून विचारा, झोपल्या झोपल्या कूस बदलताना येते का? कूस बदलल्याने रक्तदाब उतरत नाही. तेव्हाही येत असेल तर संशय कानाकडे जातो. शिवाय पाच मिनिटं झोपवून रक्तदाब घ्या, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर ते आकडेच लिहा.

वेळ विचारताना जपा. मळमळ मागे रेंगाळते म्हणून रुग्ण ‘दिवसभर’ म्हणतो. घर फिरायचं थांबेपर्यंत तीस आकडे मोजून होतात की दोन भाकऱ्या भाजून होतात, असं विचारा.

मीनल_के:
माझ्या सासऱ्यांना प्रोस्टेटची नवी गोळी लागली आणि रात्री लघवीला उठताना ते पडले. डॉक्टरांनी गोळी बदलल्यावर थांबलं. आजींची रक्तदाबाची गोळी बंद करून बघा ना.

कण्हेर:
मीनलताई, गोळी मी बंद करणार नाही. पण तुमच्यामुळे विचारलं: तीच गोळी, तोच डोस, तीन वर्षं. हेही चिठ्ठीत घालते.

आज घरी जाऊन आले. झोपून १४८/८६, उभ्याने १ मिनिटाला १४२/८४, ३ मिनिटांना १४४/८४. उजव्या कुशीवर वळल्या की घर फिरतं, वीसेक आकडे मोजेपर्यंत थांबतं. डाव्या कुशीवर काही नाही. असं लिहिलंय:

‘१५ दिवसांपासून उजव्या कुशीवर वळताना व अंथरुणातून उठताना घर फिरल्यासारखी चक्कर. प्रत्येक वेळी अर्ध्या मिनिटाच्या आत थांबते, मधल्या वेळात नाही. उभ्याने रक्तदाबात लक्षणीय घट नाही (आकडे सोबत). नवीन बहिरेपणा, दोन दोन दिसणे, बोलणे अडखळणे, हातापायात अशक्तपणा नाही. आधाराशिवाय सरळ चालतात. बीपीपीव्हीची शंका, डिक्स-हॉलपाइक चाचणी व्हावी ही विनंती.’

जुना_फिजिशियन:
आता समोरच्याला काय करायचं ते कळेल. ‘सरळ चालतात’ हे फार बरं केलंत. चक्कर सलग चालू आहे आणि आधाराशिवाय उभं राहवत नाही, असं असतं तर सोमवारची वाट पाहायची नव्हती, त्याच दिवशी हलवायचं होतं. पण अंधारी कुठे गेली?

कण्हेर:
ती वेगळीच निघाली. रेशनच्या रांगेत एकदाच, उभ्या उभ्या. खाली बसल्यावर गेली. घर फिरलं नव्हतं.

जुना_फिजिशियन:
मग ती चक्करीत मिसळू नका. खाली स्वतंत्र ओळ लिहा आणि ईसीजीची विनंती करा.

सह्यकडा:
कूस बदलण्याचं मला माहीत नव्हतं, मान्य. पण दुसऱ्या तक्रारीला माझा विरोध आहे. ओपीडीच्या गर्दीत चिठ्ठीच्या दोन ओळी वाचल्या जातात. दोन तक्रारी दिसल्या की पुन्हा ‘अशक्तपणा’ म्हणून गोळ्या मिळतील.

जुना_फिजिशियन:
भीती खरी आहे. तरी साठीच्या बाईची अंधारी मी गाळणार नाही.

कण्हेर:
मीही नाही गाळणार. शेवटचं एक: ‘जीव खालीवर होतो’ म्हणजे मळमळ लिहू की धडधड? कुठे होतं विचारलं, तर आजींनी हात आधी पोटावर ठेवला, मग छातीवर.

जुना_फिजिशियन:
दोन्ही नको. त्यांचे शब्द अवतरणात ठेवा आणि हात कुठे कुठे ठेवला तेवढं लिहा.