डिफरन्शिएटरची थरथर

> "सातपूरला ७४१ वर डिफरन्शिएटर जोडलाय, १०० किलोओहम आणि १० नॅनोफॅरड. त्रिकोणी लहर दिली की चौकोनाच्या प्रत्येक कडेला थरथर येते. का?"

स्कोपवर थरथरीची वारंवारता मोजा, साधारण १२-१३ किलोहर्ट्झ भरेल. तिथे चढता नॉइज गेन ऑप-अँपच्या उतरत्या गेनला छेदतो आणि फेज मार्जिन जवळपास संपतं. सप्लाय बदलून काही होणार नाही, भाऊ.

इनपुट कपॅसिटरला सिरीजमध्ये १.५ किलोओहम घाला, साधारण १०.६ किलोहर्ट्झनंतर चढ थांबतो. फीडबॅक रेझिस्टरला समांतर १५० पिकोफॅरड लावा. तोही तिथूनच गेन उतरवतो, वरचा नॉइज दबतो. किंमत एवढीच, की डिफरन्शिएशन साधारण १ किलोहर्ट्झपर्यंतच विश्वासाचं. तिथेही फेज सुमारे ११ अंश चुकते. कडा किंचित गोलावतील, तेवढं चालवून घ्या.